‘कळवा’ आधी की ‘कशेळी’? संगणक मराठी शब्दांचा क्रम कुठे चुकवतो

भिवंडी तालुक्यातल्या काही गावांची नावं घ्या : दुगाड, दिघाशी, दाभाड, दिवे अंजूर, दापोडे. ती संगणकाला क्रमाने लावायला सांगितली, तर दापोडे, दाभाड, दिघाशी, दिवे अंजूर, दुगाड अशी यादी येते. शब्दकोशातही हाच क्रम मिळाला असता. म्हणजे सगळं ठीक आहे, असं वाटतं.

आता त्याच तालुक्यातलं कवाड आणि कशेळी घ्या, शेजारचं कल्याण घ्या आणि ठाण्यातलं कळवा घ्या. पायथॉनमध्ये साधी आज्ञा दिली की काय येतं ते पाहा :

```python
sorted(["कशेळी", "कळवा", "कवाड", "कल्याण"])
# कल्याण, कळवा, कवाड, कशेळी
```

शाळेत आपण वर्णमाला म्हणताना ‘श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ’ असं म्हणतो. त्या हिशोबाने ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर यायला हवा आणि कळवा सर्वात शेवटी. इथे तो दोन जागा वर सरकला आहे. दिघाशीची यादी बरोबर आली, कारण तिथे क्रम ठरवणाऱ्या अक्षरांत ‘ळ’ नव्हता, इतकंच.

संगणक नेमकं काय करतो?

संगणकासाठी प्रत्येक अक्षर हा एक क्रमांक असतो. युनिकोडमध्ये ‘ल’चा क्रमांक U+0932, ‘ळ’चा U+0933 आणि ‘व’चा U+0935 आहे. वेगळं काही सांगितलं नाही, तर बहुतेक प्रोग्रॅम फक्त हे क्रमांक ताडून पाहतात. अर्थात ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ येतो.

‘ळ’ला ही जागा मिळाली ती चुकून नव्हे. युनिकोडची देवनागरी १९८८ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकावर बेतलेली आहे. भारतीय लिप्यांना एकच सामाईक आराखडा असावा, म्हणजे एका लिपीतून दुसरीत जाणं सोपं होईल, हा त्यामागचा विचार. त्या आराखड्यात ल-ळ शेजारी बसले. तमिळमध्येही ल आणि ळ असेच शेजारी आहेत, आणि तमिळ वर्णमालेचा क्रमही क्रमांकांशी जुळत नाही. थोडक्यात, हे क्रमांक अक्षर साठवण्यासाठी दिलेले आहेत, कोणत्याही एका भाषेच्या कोशासाठी नव्हे.

तरीही क्रमांकांवरून लावलेली मराठी यादी बरीचशी बरोबर दिसते. क ते म हा क्रम जुळतो. मात्रा व्यंजनांनंतर येतात, त्यामुळे ‘कमळ’ आधी आणि ‘काम’ नंतर लागतं. जोडाक्षरांचं हलन्त चिन्ह मात्रांच्याही नंतर येतं. म्हणूनच चूक पटकन लक्षात येत नाही, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. लांबलचक छापील यादीत ‘काळे’ आडनाव शोधणारा माणूस कासारच्या पुढे पाहतो, तिथे नाव नसतं, आणि ‘आपलं नाव वगळलं’ असं समजून परत जातो. प्रत्यक्षात नाव दोन पानं आधी, कावळेच्याही वर असतं.

‘ॲ’ थेट तळाला

‘ॲप’, ‘ॲडव्होकेट’, ‘ॲम्ब्युलन्स’ हे शब्द तर ‘ह’च्याही खाली जाऊन पडतात. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. तोवर स्वरांच्या रांगेत जागा उरली नव्हती, म्हणून त्याला U+0972 हा क्रमांक मिळाला, सगळी व्यंजनं आणि मात्रा संपल्यानंतरचा.

त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन ‘अॅ’ लिहीत, आजही अनेक जण लिहितात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण एकाच यादीत दोघांनी दोन प्रकारे टाइप केलं, तर एक ‘ॲप’ आरंभी ‘अ’मध्ये आणि दुसरं अगदी शेवटी. भाषेनुसार क्रम लावल्यावर ‘ॲ’ स्वरांत परत येतो, पण तो आणि ‘अ + ॅ’ हे युनिकोडच्या नियमांनी समान मानलेले नाहीत. त्यामुळे आधी सगळीकडे एकच रूप करून घ्यावं लागतं.

एकच ‘दऱ्या’, तीन जागा

दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. कोशात हे शब्द शेजारी असायला हवेत. पण ‘ऱ्या’ टाइप करण्याचे तीन मार्ग आहेत :

```
र + ् + ZWJ + य
ऱ + ् + य
र + ़ + ् + य
```

पहिल्यात एक अदृश्य सांधणारं चिन्ह आहे, त्याचा क्रमांक देवनागरीच्या कितीतरी पुढचा आहे, म्हणून शब्द ‘दर्शन’च्या नंतर जातो. दुसऱ्यात ‘ऱ’ला स्वतःचा क्रमांक आहे, तो ‘र’च्या पुढचा, म्हणून शब्द आणखी खाली सरकतो. तिसऱ्यात नुक्ता मात्रांच्या आधीचा आहे, त्यामुळे शब्द चक्क ‘दरारा’च्याही वर जातो. योग्य नियम लावले की तिन्ही रूपं ‘दर्या’जवळ येतात. अदृश्य चिन्हाचं रूप तर दर्याशी समसमान धरलं जातं, तेव्हा ‘दोन शब्द एकच आहेत का’ हे तपासण्यासाठी ही तुलना वापरू नये.

मग करायचं काय?

‘भाषेनुसार क्रम’ वापरायचा, आणि भाषा मराठी आहे हे स्पष्ट सांगायचं. दुसरी अट महत्त्वाची आहे, कारण भाषा न सांगता वापरलेल्या युनिकोडच्या सर्वसाधारण क्रमातही ‘ळ’ हा ‘ल’च्या शेजारीच राहतो. ब्राउझरमध्ये असं लिहितात :

```js
nave.sort(new Intl.Collator("mr").compare)
// कल्याण, कवाड, कशेळी, कळवा
```

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये `ORDER BY nav COLLATE "mr-x-icu"`. मराठीचे नियम त्या यंत्रावर नसले, तर ब्राउझर तक्रार न करता दुसरीच भाषा वापरतो. म्हणून `new Intl.Collator("mr").resolvedOptions().locale` काय सांगतं ते पाहावं. उत्तर `mr` नसेल, तर यादीवर विश्वास नको. स्प्रेडशीट वापरणाऱ्यांनी वरची चार गावं टाकून क्रमाने लावावीत. कळवा शेवटी आलं, तर ‘ळ’ नीट आहे.

‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचा प्रश्न मात्र यंत्राचा नाही. ‘क्षमा’ हा शब्द ‘क’च्या जोडाक्षरांत शोधायचा की ‘ळ’नंतर स्वतंत्र अक्षर म्हणून, या दोन्ही पद्धती चालतात. यादी छापणाऱ्याने एक ठरवून वर तशी ओळ टाकली, की वाचणाऱ्याची अडचण सुटते.

नियम बदलले की जुनी सूचीही बदलावी लागते. २०१८ मध्ये लिनक्सच्या ‘जीलिबसी’ या मूळ संग्रहाच्या २.२८ आवृत्तीत शब्दक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. तेव्हा त्यावर विसंबलेल्या पोस्टग्रेएसक्यूएलच्या सूची जुन्या क्रमाने आणि शोध नव्या क्रमाने, अशी गत झाली. नोंद तक्त्यात असूनही सूचीतून सापडेना. त्यावर उपाय एकच होता, `REINDEX` चालवून सूची पुन्हा बांधणं.