पीक-रोग ओळख प्रकल्पाचा सारांश

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्प-अहवालात (मुंबईकडच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी 'ब्लॅक बुक') सुरुवातीच्या पानांत येणारे, बहुधा एका पानात मावणारे निवेदन. मोबाइलवर काढलेल्या पानाच्या फोटोवरून रोग ओळखणाऱ्या प्रकल्पात ते समस्या, फोटोंचा संच, वापरलेले मॉडेल आणि अचूकतेचा आकडा या क्रमाने जाते. वाचणाऱ्याची नजर शेवटच्या आकड्याकडे लागते, पण त्या आकड्याला अर्थ येतो तो फोटोंच्या संचामुळे, आणि नेमके त्याच्याविषयी सारांशात सर्वांत कमी लिहिलेले असते.

हा संच बहुतेक वेळा 'प्लँटव्हिलेज' असतो. त्यात १४ पिकांच्या पानांचे सुमारे ५४ हजार फोटो असून ते ३८ वर्गांत विभागलेले आहेत. मोहंती, ह्यूज आणि सालाथे यांनी २०१६ साली या संचावर ९९.३५ टक्के अचूकता मिळवली. विद्यार्थ्यांच्या सारांशातले ९८-९९ टक्के त्याच वाटेने येतात. मात्र त्याच लेखकांनी वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो तपासले तेव्हा अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास उतरली, आणि ते त्यांनी स्वतःच्या लेखात नोंदवले. कारण उघड आहे. संचातले पान तोडून साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेले असते. शेतातल्या फोटोत ऊन, माती, दुसरी पाने आणि कधी धरणाऱ्याची बोटेही येतात. म्हणून 'मोबाइल फोटोवरून' हे शब्द शीर्षकात असतील, तर शेतात काढलेल्या फोटोंवरचा आकडा वेगळा द्यायला हवा. तो कमी असला तरी खरा निष्कर्ष तोच. शिवाय एकाच पानाचे अनेक फोटो असतील, तर ते प्रशिक्षण आणि चाचणी अशा दोन्ही भागांत विखुरले नाहीत ना, हेही एका वाक्यात सांगावे. विखुरले असतील तर चाचणी म्हणजे पाहिलेल्याच पानांची उजळणी ठरते.

सरासरी अचूकता आणखी एक गोष्ट झाकते. संचातल्या टोमॅटोच्या १८,१६० फोटोंपैकी 'यलो लीफ कर्ल' विषाणूचे ५,३५७ आहेत, तर मोझॅक विषाणूचे फक्त ३७३. समजा, मॉडेलने मोझॅकचे सगळेच फोटो 'लीफ कर्ल' ठरवले आणि बाकी सर्व बरोबर ओळखले, तरी टोमॅटोपुरती अचूकता सुमारे ९८ टक्के भरते. शेतकऱ्याला मात्र ही चूक महागात पडते. लीफ कर्ल पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. टोमॅटोचा मोझॅक हातांच्या व अवजारांच्या स्पर्शाने आणि बियाण्यातून. माशीवर केलेली फवारणी तिथे वाया जाते. यासाठी वर्गवार आकडे, निदान सर्वांत कच्च्या वर्गाचा आकडा, सारांशात असावा.

असे मॉडेल, खास सोय केली नसेल तर, प्रत्येक फोटोला ठरलेल्या वर्गांपैकी एक नाव देतेच. मग पान मॅग्नेशियमच्या कमतरतेने पिवळे पडलेले असो वा गारपिटीने फाटलेले. खात्री कमी असताना उत्तर नाकारण्याची सोय ॲपमध्ये केली असेल, तर किती टक्क्यांखालच्या खात्रीला उत्तर नाकारले जाते हे सारांशात लिहावे. नसेल तर तेही लिहावे.