दीक्षाभूमीचा घुमट उपग्रहाला केव्हा दिसला असता?

नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूपाचे बांधकाम १९७८ मध्ये सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. दोन्ही टोके ठाऊक असल्यामुळे उपग्रहचित्रांची साक्ष पारखून घ्यायला ही वास्तू सोयीची आहे.

घुमटाचा व्यास १२० फूट, म्हणजे जेमतेम ३७ मीटर. १९८४ मध्ये सोडलेल्या लँडसॅट-५ च्या चित्रातील एक पिक्सेल ३० मीटरचा. घुमट एका पिक्सेलमध्ये नेमका बसत नाही. तो तीन-चार पिक्सेलांत विभागला जातो आणि भोवतालची झाडे, माती यांच्या रंगात मिसळतो. एखादा ठिपका पूर्वीपेक्षा उजळला एवढेच कळते. तो घुमटामुळे उजळला की शेजारी टाकलेल्या मुरमामुळे, हे ठरवता येत नाही. म्हणून ‘१९९० च्या लँडसॅट चित्रात स्तूप दिसत नाही’ हा स्तूप नसल्याचा पुरावा नव्हे. १९९५ च्या अखेरीस सोडलेल्या आयआरएस-१सी या भारतीय उपग्रहाचा कृष्णधवल कॅमेरा सुमारे ६ मीटरचे तपशील टिपत असे. त्यात घुमटाचा गोल आकार ओळखू येऊ शकतो.

आकार ओळखता येईल अशी चित्रे हाती आली की पद्धत सोपी आहे. वास्तू नसलेले शेवटचे स्पष्ट चित्र आणि असलेले पहिले चित्र शोधायचे; खरी तारीख या दोहोंच्या मध्ये. विदर्भात पावसाळाभर ढग असतात. मे महिन्यात मोकळी आणि ऑक्टोबरमध्ये बांधलेली जागा दिसली, तर ‘मे ते ऑक्टोबर’ इतकेच लिहावे. मधला महिना अंदाजाने निवडणे हा इतिहास नव्हे.

गूगल अर्थवर आणखी एक फसगत होते. जुन्या काळाकडे सरकत गेल्यास डिसेंबर १९८५ अशा तारखांची धूसर चित्रे येतात. ती एका दिवसाची नसतात. वर्षभरातील ढगविरहित तुकडे जोडून केलेली असतात. डिसेंबर हे केवळ लेबल.

ही काटेकोर वृत्ती अभ्यासिकेपुरती नाही. महाराष्ट्राच्या गुंठेवारी कायद्यात नियमितीकरणाची मूळ मर्यादा १ जानेवारी २००१ होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. समजा, नागपूरच्या एखाद्या लेआउटमधील घर नोव्हेंबर २०२० च्या चित्रात नाही आणि फेब्रुवारी २०२१ च्या चित्रात छतासह उभे आहे. इथे मर्यादेची तारीख नेमकी दोन चित्रांच्या फटीत पडते. चित्र दोन्ही बाजूंना सारखेच सोयीचे वाटेल, पण निर्णय देणार नाही. मग विजेच्या जोडणीची तारीख आणि मालमत्ता कराची पहिली पावती शोधावी लागते.