कव्वालीतील सूफी संज्ञा

कव्वालीतील प्रियकर, मदिरा, विरह हे शब्द वरकरणी लौकिक शृंगाराचे असतात. सूफी परंपरा या प्रेमाचे दोन स्तर मानते. माणसाचे माणसावरील प्रेम म्हणजे इश्क-ए-मजाज़ी, तर ईश्वरावरील प्रेम म्हणजे इश्क-ए-हक़ीक़ी. पहिले त्याज्य नव्हे. प्रेमात स्वतःला विसरण्याची सवय त्यातूनच लागते, म्हणून त्याला दुसऱ्याकडे नेणारा पूल म्हटले जाते. मात्र साधक पुलावरच थांबला, तर ती वासना ठरते, असा इशाराही सूफी देतात.

इश्क-ए-हक़ीक़ीची परिणती म्हणजे फ़ना. येथे ‘मी’पणाचा लय अभिप्रेत आहे, देहाचा नाश नव्हे. फ़नानंतर येते बक़ा, म्हणजे ईश्वराच्या ठायी टिकून राहणे. बगदादचे जुनैद यांनी या दुसऱ्या अवस्थेतील शुद्धीवर भर दिला: साधकाने भानावर येऊन पुन्हा लोकांत वावरावे.

समा, म्हणजे श्रवणाच्या मैफलीत, या अवस्थांची चाहूल ‘हाल’ या भावावेशातून लागते. ज्या ओळीवर श्रोत्याला हाल येतो, तीच कव्वाल पुन्हा पुन्हा गातात. चिश्ती परंपरेनुसार, 1235 मध्ये दिल्लीत अहमद-ए-जाम यांच्या एका फारसी शेरावर कुतबुद्दीन बख्तियार काकी यांची अशीच तंद्री लागली. शेराच्या पूर्वार्धात समर्पणातील मृत्यू आणि उत्तरार्धात नवे जीवन, म्हणजे फ़ना आणि बक़ा दोन्ही होते. कित्येक दिवस ती आवर्तने चालली आणि त्याच अवस्थेत काकींनी देह ठेवला.