सांधारहित पोत

छायाचित्रातून कापलेला जो चौकोनी तुकडा आडवा व उभा कितीही वेळा शेजारी-शेजारी मांडला तरी दोन तुकड्यांमधील सांधा दिसत नाही, त्याला सांधारहित पोत म्हणतात. संकेतस्थळाची किंवा संगणकाच्या पडद्याची पार्श्वभूमी भरण्यासाठी तो वापरला जातो. पुढील विवेचनात जांभ्या दगडाचे जवळून घेतलेले छायाचित्र आणि 'गिंप' ही मुक्त आज्ञावली यांचे उदाहरण घेतले आहे.

छायाचित्र व उजेड

छायाचित्र सावलीत, कॅमेरा दगडाच्या पृष्ठभागाला समांतर धरून घ्यावे. एका कडेला उजेड अधिक असल्यास सांधे जुळूनही प्रत्येक तुकडा वेगळा उठून दिसतो. हा दोष घालवण्यासाठी थराची प्रत करून ती सुमारे १०० पिक्सेल त्रिज्येने धूसर करतात आणि तिचा मिश्रणप्रकार `Grain extract` ठेवतात. त्यामुळे उजेडाचा संथ चढउतार वजा होतो व खडबडीतपणा तेवढा उरतो. दगडाचा तांबूस रंगही यात करडा होतो. तो नंतर पुन्हा चढवावा लागतो.

कडा मध्यभागी आणणे

थर एकत्र करून चित्र १०२४ × १०२४ पिक्सेल आकाराचे कापावे. `Layer → Transform → Offset` या आज्ञेने ते दोन्ही दिशांना ५१२ पिक्सेल सरकवावे. एका बाजूने बाहेर जाणारा भाग दुसऱ्या बाजूने आत येईल असा पर्याय निवडावा. आता बाहेरच्या कडांवर मूळ चित्रात शेजारी असलेलेच पिक्सेल येतात, म्हणून त्या आपोआप जुळतात. न जुळणाऱ्या जुन्या कडा मात्र मध्यभागी अधिक चिन्हाच्या आकारात उघड होतात. `Clone` किंवा `Heal` या साधनांनी दगडाचा इतर भाग घेऊन हा सांधा बुजवतात. सरळ रेषेत न जाता छिद्रांच्या कडेकडेने काम केल्यास जोड लपतो.

सांध्याची चारही टोके बाहेरच्या कडांना टेकतात. तेथे हात फिरवल्यास जुळलेली कड बिघडते. म्हणून ती टोके तशीच ठेवून चित्र पुन्हा दोन्ही दिशांना २५६ पिक्सेल सरकवावे. टोके आत आली की ती बुजवावीत.

पडताळणी व मर्यादा

तयार तुकडा तीन आडवे व तीन उभे असे मांडून लांबून पाहावा. सरळ रेष दिसल्यास सांधा राहिला आहे. एखादे मोठे छिद्र ठरावीक अंतराने डोळ्यांत भरत असल्यास दोष सांध्याचा नसून त्या खुणेचा असतो. ती खूण पुसावी लागते. यानंतर चित्र धूसर किंवा तीक्ष्ण केल्यास कडा पुन्हा बिघडू शकतात.

विटांच्या भिंतीसारख्या नियमित रचनेला ही रीत जशीच्या तशी लागू पडत नाही. तेथे तुकड्यात विटांच्या रचनेची पूर्ण आवर्तने बसतील असेच माप घ्यावे लागते. अन्यथा मध्यभागी अर्धवट विटा समोरासमोर येतात.