वारसा शपथपत्राचा हिंदीतून मराठी अनुवाद

मयत व्यक्तीच्या मालमत्तेला वारस कोण, हे शपथेवर सांगणाऱ्या हिंदी कागदाचे (शपथपत्र, हलफनामा) मराठी रूप. मध्य प्रदेशात राहणाऱ्या कुटुंबाची शेतजमीन खानदेशात किंवा विदर्भात असली की त्याची गरज पडते. तलाठ्याकडे वारसाची वर्दी गेली की गाव नमुना सहा-क या वारस नोंदवहीत नोंद होते आणि पुढे फेरफार होऊन सात-बारावर नावे चढतात. हिंदी आणि मराठीची लिपी एक, पुष्कळ शब्दही एकच, त्यामुळे हे काम सोपे वाटते. धोका नेमका तिथेच आहे. शिवाय शपथ हिंदी मजकुरावर घेतलेली असते, मराठीवर नाही. म्हणून मूळ विधान जेथे नेमके आहे तेथे कायद्याच्या मराठीतली नेमकी संज्ञा वापरावी आणि मूळ जेथे मोघम आहे तेथे मराठीही तितकीच मोघम ठेवावी. यातला दुसरा अर्धा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तोच अधिक वेळा मोडला जातो.

बुऱ्हाणपूरच्या कुटुंबाची रावेर तालुक्यात जमीन आहे आणि शपथपत्रात असे वाक्य आहे, असे समजू : ‘उक्त भूमि मेरे दादा के नाम दर्ज है, उनके वारिसान में दो वयस्क पुत्र तथा स्वर्गीय पुत्री की ओर से एक नाबालिग नाती है।’ यातले निदान चार शब्द मराठी वाचकाला चकवतात. हिंदीतले दादा म्हणजे वडिलांचे वडील. मराठीत दादा थोरला भाऊ, म्हणजे मालकीची साखळी दोन पिढ्यांनी सरकते. हिंदीतला वयस्क म्हणजे कायद्याने सज्ञान, मराठीत मात्र वयस्क म्हटले की उतारवयाचा माणूस डोळ्यांपुढे येतो. नाबालिगला महसुली मराठीत अज्ञान म्हणतात, सात-बारावर ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता लिहितात तो याच अर्थाने. आणि नाती हा हिंदीत मुलीचा मुलगा, तर मराठीत नातीचे अनेकवचन, म्हणजे मुलगा जाऊन मुली येतात. ‘नातू’ लिहूनही भागत नाही, कारण मराठी नातू मुलाचाही असतो आणि मुलीचाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 प्रमाणे मुलगा हयात असेल तर त्याच्या मुलाला आजोबांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत वारस म्हणून वाटा मिळत नाही. आधीच वारलेल्या मुलीच्या शाखेला मात्र एक पूर्ण हिस्सा मिळतो. मृत्युपत्र नसेल आणि आजोबांची आई, पत्नी वा इतर अपत्य मागे राहिले नसेल, तर दोन मुलगे व त्या शाखेतला एकटा वारस म्हणून हा मुलगा यांना प्रत्येकी एक तृतीयांश वाटा येईल. म्हणून येथे ‘मुलीचा मुलगा’ असेच फोडून लिहावे लागते.

पण ही मुलगी आजोबांच्या आधी वारली की नंतर? ‘स्वर्गीय’ हा शब्द ते सांगत नाही. ती नंतर वारली असेल तर हिस्सा आधी तिच्याकडे आला, आणि तिच्या पश्चात तिच्या अपत्यांबरोबर हयात नवराही त्याला वारस ठरतो. कायद्याची जाण असलेला अनुवादक येथे ‘पूर्वमृत मुलगी’ अशी संज्ञा घालण्याच्या मोहात पडतो. तसे केले तर मूळ शपथपत्रात नसलेला मृत्यूचा क्रम मराठी कागदावर तयार होतो. येथे ‘मयत मुलीचा मुलगा’ एवढेच बरोबर. ‘पैतृक संपत्ति’ला ‘वडिलोपार्जित मालमत्ता’ म्हणावे, पण ‘एकत्र कुटुंबाची मालमत्ता’ म्हणू नये, कारण तो वेगळा कायदेशीर दावा आहे.

यावर आक्षेप असा येतो की संदिग्ध कागद तलाठी परत पाठवेल, मग अनुवादातच खुलासा केलेला काय वाईट? खुलासा हवाच, पण तो शपथकर्त्याने पूरक शपथपत्र करून द्यावा. खोट्या शपथेची जबाबदारी त्याच्यावर येते. अनुवादकाने भरलेल्या शब्दाची जबाबदारी शपथकर्त्यावर टाकता येत नाही. दुसरा आक्षेप महसुली शब्दांचा : शपथपत्रात मध्य प्रदेशातली जमीनही असेल तर तिचा खसरा क्रमांक मराठी अधिकाऱ्याला अपरिचित, तर गट क्रमांक का लिहू नये? सामान्य नामांना हा न्याय चालतो. वसीयतला मृत्युपत्र, अचल संपत्तीला स्थावर मालमत्ता, रकब्याला क्षेत्र म्हणायला हरकत नाही. खसरा क्रमांक मात्र मध्य प्रदेशच्या अभिलेखातल्या विशिष्ट तुकड्याची ओळख आहे. त्याला गट क्रमांक म्हटले तर त्या नावाने तो तुकडा कोणत्याच दप्तरात सापडणार नाही. ‘उत्तराधिकार प्रमाणपत्र’ आणि ‘वारस दाखला’ यांचीही अदलाबदल करू नये. पहिले भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 खाली मयताचे येणे व रोखे यांपुरते मिळते, तर महाराष्ट्रात वारस म्हणून न्यायालयाची औपचारिक मान्यता मुंबई विनियम 8, 1827 खाली घेतली जाते.

परिच्छेदांचे क्रमांक, सत्यापनाचा मजकूर, शपथेचे ठिकाण व तारीख जशीच्या तशी उतरवावी. नोटरीचा शिक्का व सही यांचे वर्णन चौकटी कंसात द्यावे. मूळ विधानात एखादे नाव दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिलेले असेल तर दोन्ही रूपे तशीच ठेवून अनुवादकाने आपल्या स्वतंत्र दाखल्यात ती तफावत नमूद करावी.