नाव एका विद्यार्थिनीचे
(महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचे लेखरूप)



आपल्या संघटनेचे आजवरचे नाव 'ओल्ड बॉइज असोसिएशन'. हे नाव आजपासून रद्द झाले आहे. कार्यकारिणीने आणि नंतर सर्वसाधारण सभेने मंजूर केलेले नवे नाव 'मुक्ताबाई मंडळ' असे आहे. हे नाव जाहीर करण्याचे आणि त्यामागची कारणे सांगण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, म्हणून कारणेही इतिहासाच्याच अंगाने सांगणार आहे.

जुने नाव का टाकले, हे सांगायला फार वेळ लागत नाही. या महाविद्यालयातून मुलीही शिकून बाहेर पडल्या, पण संघटनेच्या नावात त्यांना कधी जागा नव्हती. खरा वाद झाला तो नव्या नावावर. कुणी संस्थापकांचे नाव सुचवले, कुणी इमारतीला देणगी देणाऱ्याचे, कुणी एखाद्या थोर नेत्याचे. ही सारी माणसे आदरणीय आहेत. परंतु माझे म्हणणे असे होते की, संस्थेला संस्थापकाचे नाव शोभते, इमारतीला देणगीदाराचे शोभते. विद्यार्थ्यांच्या मंडळाला मात्र विद्यार्थ्याचेच नाव हवे. आणि आपल्या समाजाच्या इतिहासात असा विद्यार्थी शोधायचा तर मागे जाता जाता आपण १८५५ सालच्या पुण्यात पोचतो.

जोतीराव फुल्यांनी १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि १८५२ पासून महार-मांगांच्या मुलांमुलींसाठी शाळा सुरू केल्या. त्यांच्या शाळेत तीन वर्षे शिकलेल्या, सुमारे चौदा वर्षांच्या मुक्ताबाई नावाच्या मांग मुलीने एक निबंध लिहिला. अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदय' पत्राने तो १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये दोन भागांत छापला. विषय होता महार-मांगांचे दुःख. आज आपण तिला मुक्ता साळवे म्हणून ओळखतो. त्या काळात आमच्याविषयी लिहिणारे पुष्कळ होते. साहेब लिहीत होते, मिशनरी लिहीत होते, क्वचित एखादा सुधारकही लिहीत होता. आमच्यातलीच एक मुलगी, नुकतीच अक्षरे गिरवलेल्या हाताने, आमच्याविषयी लिहिते आहे, ही गोष्ट निराळी आहे.

ती काय लिहिते ते पाहा. सुरुवातच वेदांपासून आहे. वेद ही आमची मालमत्ता आहे, असे ब्राह्मण म्हणतात. मग वेद जर त्यांचेच असतील, तर ते आमचे नव्हेत, हे उघड झाले. आणि वेद आमचे नव्हेत तर आमचा धर्म कोणता? हा प्रश्न ती थेट देवाला विचारते. ज्या धर्मात एकानेच सारे भोगावे आणि बाकीच्यांनी नुसते बघत राहावे, तो धर्म पृथ्वीवरून नष्ट व्हावा, अशी प्रार्थना करते. यात शिवीगाळ नाही. विरोधकाचेच विधान हाती घ्यायचे आणि त्याचा शेवट त्याच्याच दारात नेऊन ठेवायचा, ही तर्काची रीत आहे. तीन वर्षांच्या शाळेने तिला दिलेले खरे शिक्षण हे, असे मला वाटते.

पुढे ती पेशवाईतले जुलूम सांगते. वाड्यांच्या पायात तेल-शेंदूर पाजून पुरलेली माणसे, तालीमखान्यावरून गेला म्हणून उडवलेले मस्तक आणि त्याचा मैदानात केलेला चेंडू, अक्षर शिकला म्हणून झालेली शिक्षा. इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून विचारले पाहिजे की, हे तिला कसे कळले? पेशवाई बुडाली १८१८ साली. मुक्ताबाईचा जन्म त्यानंतर वीस-बावीस वर्षांचा. म्हणजे यातले काही तिने डोळ्यांनी पाहिलेले नाही. मजकुरात याची एक खूणही सापडते. दुसरा बाजीराव काशीत जाऊन मेला, असे ती लिहिते. वस्तुतः तो १८५१ साली कानपुराजवळच्या बिठूरला वारला. पुण्याच्या मांगवाड्यात बाजीराव 'काशीला गेला' असेच बोलले जात असणार, आणि तेच तिच्या लेखणीत उतरले.

या चुकीमुळे निबंधाची किंमत कमी होते काय? मला तसे वाटत नाही. प्रत्येक तपशिलाचा दाखला म्हणून हा निबंध कोर्टात उभा करता येणार नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु आपल्या वाडीवस्तीने सदतीस वर्षे काय लक्षात ठेवले आणि आजीने नातीला काय सांगितले, याचा तो अस्सल पुरावा आहे. आणि जिथे ती ऐकलेले सोडून पाहिलेले सांगते, तिथे तिची भाषा बदलते. अस्पृश्य म्हणून कुणी चाकरी देत नाही, चाकरी नाही म्हणून पैसा नाही. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नाही. पावसात, थंडीत ती कशी सोसत असेल! इथे पेशवा नाही की तालीमखाना नाही, तिच्याच आळीतली बाई आहे.

सभेत आणखी एक आक्षेप आला. मुक्ताबाई इंग्रजी राज्याची स्तुती करते, आणि तिचा निबंध मिशनऱ्यांच्या पत्रात छापला गेला. असे नाव आपण का घ्यावे? स्तुती ती करते, हे खरे. नरबळी थांबले, बाजारात फिरता येते, पैसा असेल तर चांगले वस्त्र नेसता येते, एवढ्यासाठी ती करते. ज्यांना कालपर्यंत हेही नव्हते, त्यांनी आधीच्या राज्याशी तुलना करावी, यात नवल ते काय? पण तिची स्तुतीही सावध आहे. अस्पृश्यता 'काही ठिकाणी' कमी झाली, एवढेच ती म्हणते. आणि तिचा निबंध छापायला त्या दिवशी कोणते देशी पत्र पुढे आले असते, हेही आक्षेप घेणाऱ्यांनी सांगावे.

आता मी त्या भागाकडे येतो, ज्याच्यामुळे काही मित्र अस्वस्थ झाले. मुक्ताबाई फक्त ब्राह्मणांना जाब विचारून थांबत नाही. बाजीरावाच्या संगतीने त्याचा गुण महारांनाही लागला, ते स्वतःला मांगांहून श्रेष्ठ समजतात आणि मांगाची सावलीही त्यांना चालत नाही, असे ती स्वच्छ लिहिते. आपल्यापैकी बहुसंख्य पूर्वाश्रमीचे महार आहोत, आज बौद्ध आहोत. एक मित्र मला म्हणाले, "सर, हे नाव घेतले की हे वाक्यही आपल्या गळ्यात येणार." मी म्हणालो, "त्यासाठीच घ्यायचे आहे." उतरंडीच्या प्रत्येक पायरीवरचा माणूस खालच्या पायरीकडे पाहून समाधान मानतो, हे बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हणून मांडले. चौदा वर्षांच्या मुलीने तेच आपल्या वस्तीत पाहिले होते आणि न भिता लिहिले होते. ते लपवून तिचे नाव मिरवणे हा अप्रामाणिकपणा होईल.

मराठवाड्यातल्या माणसाला नावाची किंमत वेगळी सांगायला नको. १९७८ च्या जुलैत विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि आपल्या वस्त्या जाळण्यात आल्या. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, तोवर सोळा वर्षे गेली होती. त्या लढ्यात नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. ते मातंग होते. बाबासाहेबांच्या नावासाठी एका मातंगाने प्राण दिला. एका मातंग मुलीचे नाव आपल्या मंडळाला देताना आपण सभेत दोन तास घासाघीस केली. हा हिशेब ज्याचा त्याने मनाशी करावा.

नाव देण्याची एक रीत बाबासाहेबांनीच घालून दिली आहे. १९५० साली औरंगाबादेत त्यांनी महाविद्यालय काढले. ते पुढे मिलिंद नावाने ओळखले गेले. मिलिंद हा प्रश्न विचारणारा ग्रीक राजा होता. उत्तरे देणारा भिक्खू होता नागसेन. महाविद्यालयाला नाव मिळाले ते प्रश्न विचारणाऱ्याचे. मुक्ताबाईचे नाव या रीतीत बसते. फरक इतकाच की, राजाला प्रश्न विचारायची मुभा असते. मांगाच्या मुलीला ती नव्हती, तिने घेतली.

निबंधानंतर मुक्ताबाईचे काय झाले, याचा मागोवा कागदपत्रांत लागत नाही. तिच्यावर दंतकथा रचायचा मोह आपण टाळावा. तिने लिहिलेली काही पाने पुरेशी आहेत. मंडळाने म्हणून तीन गोष्टी ठरवल्या आहेत. दरवर्षी मेळाव्याचा आरंभ तो निबंध पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून होईल, महारांविषयीचे वाक्य न गाळता. वर्गणीचा अर्धा भाग वसतिगृहात राहणाऱ्या मुलींच्या परीक्षा शुल्कासाठी राखून ठेवला जाईल आणि त्यात मातंग व इतर मागे राहिलेल्या जातींच्या मुलींचा विचार आधी होईल. आणि कार्यकारिणीत निम्म्या जागा स्त्रियांच्या असतील.

अखेर तिच्या शेवटच्या मुद्द्याविषयी. ज्ञान हेच तुमच्या रोगावरचे औषध आहे, अभ्यास करा, म्हणजे तुम्हाला जनावरासारखे वागवण्याची कुणाची छाती होणार नाही, असे ती महार-मांगांना सांगते. इथे कुणीही लेखणी खाली ठेवली असती. तिने ठेवली नाही. हे मला सिद्ध करता येत नाही, असे ती पुढे म्हणते. कारण चांगले शिकलेले लोकही वाईट कामे करताना दिसतात. बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्यात शिकलेल्यांविषयी जी खंत बोलून दाखवली, तिची चाहूल इथे आहे. आपण सारे शिकलेले आहोत, नोकरदार आहोत, घरे बांधून बसलो आहोत. शिक्षणाने माणूस चांगला होतो, हे तिला सिद्ध करता आले नाही. ते सिद्ध करण्याचे काम तिने मागे ठेवले आहे, आणि तिचे नाव घेतल्यावर ते आता आपल्याकडे आले आहे.