छातीवरचा छोटा बॅज : एक्स-रे विभागातल्या माणसांची गोष्ट

"डॉक्टर, एक्स-रे जर सुरक्षित असतो, तर फोटो काढणारा माणूस भिंतीमागे का पळतो?" हा प्रश्न रुग्ण नेहमी विचारतात. उत्तर सोपं आहे. तुमचा एक्स-रे वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी निघतो. पुण्यातल्या एखाद्या गजबजलेल्या रुग्णालयातला तंत्रज्ञ मात्र दिवसाला कित्येक डझन एक्स-रे काढतो, आणि तेही वर्षानुवर्षं. तुम्हाला मिळणारी मात्रा अगदी थोडी असते, पण तो प्रत्येक वेळी खोलीत उभा राहिला तर त्याच्यासाठी थोड्याथोड्याची बेरीज मोठी होईल.

ही गोष्ट माणसाला महागात पडून कळली.

हात गमावलेली पिढी

१८९५ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत रॉन्टगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि काही महिन्यांतच जगभर यंत्रं सुरू झाली. त्या काळात नळी नीट चालते का हे पाहायला यंत्र चालवणारा स्वतःचाच हात किरणांसमोर धरायचा. हाडं स्पष्ट दिसली की यंत्र ठीक! दिवसातून अनेकदा, रोज. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली अशाच कामात होते. आधी त्यांच्या हातांची कातडी भाजली, मग तिथे कर्करोग झाला, दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

बोस्टनचे दंतवैद्य विल्यम रॉलिन्स यांनी त्याच सुमारास गिनीपिगांवर प्रयोग करून दाखवलं होतं की कातडी न भाजतासुद्धा हे किरण जीव घेऊ शकतात. नळीभोवती शिशाचं आवरण घाला, असं ते सांगत होते. फार थोड्यांनी ऐकलं. १९३६ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गला अशा बळींचं स्मारक उभं राहिलं, तेव्हा त्यावर १६९ नावं होती.

तीन नियम, एक हिशेब

या अनुभवातून तीन साधे नियम आले : किरणांजवळ कमी वेळ थांबा, लांब उभे राहा, मध्ये आडोसा ठेवा.

उदाहरण घेऊ. मांडीचं हाड मोडलेल्या रुग्णाच्या शस्त्रक्रियेत 'सी-आर्म' नावाचं फिरतं एक्स-रे यंत्र वापरतात. इथे भिंतीमागे जाता येत नाही. रुग्णाच्या शरीरावर पडलेले किरण चहूकडे विखुरतात आणि कर्मचाऱ्यांना मुख्यतः हेच विखुरलेले किरण लागतात. समजा, रुग्णापासून अर्ध्या मीटरवर उभ्या असलेल्या तंत्रज्ञाला एका शस्त्रक्रियेत १०० भाग मात्रा मिळते. तो मागे सरकून एक मीटरवर गेला, तर अंतर दुप्पट झालं आणि मात्रा चौथाईवर आली : २५ भाग. (अगदी जवळ हा हिशेब तंतोतंत लागू होत नाही, पण अंदाज बरोबर येतो.) डॉक्टरांनी सतत चित्र पाहण्याऐवजी गरजेपुरताच पायाखालचा खटका दाबला आणि वेळ निम्मा झाला, तर साडेबारा भाग. अंगावर अर्धा मिलिमीटर शिशाइतकी ताकद असलेला एप्रन असेल, तर तो नव्वद टक्क्यांहून जास्त किरण अडवतो. उरला जेमतेम एक भाग.

शंभराचा एक झाला, आणि त्यातला मोठा वाटा फक्त दोन पावलं मागे सरकण्याचा होता.

पण मोजायचं कसं?

हे किरण दिसत नाहीत, जाणवत नाहीत. म्हणून अंगावर एक साक्षीदार ठेवतात : तंत्रज्ञाच्या छातीवरचा बॅज. भारतात पन्नासच्या दशकात फिल्म बॅज वापरात आले. फोटोच्या फिल्मचा छोटा तुकडा, किरण लागले की काळवंडणारा. पण आपल्याकडच्या उकाड्यात आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत फिल्म खराब व्हायची, आणि तिच्यावरचं वाचन भरवशाचं राहत नसे.

यावर मुंबईच्या ट्रॉम्बेतल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उत्तर शोधलं. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून देशात टीएलडी बॅज आला. त्यात कॅल्शियम सल्फेट या क्षारात डिस्प्रोसियम हे मूलद्रव्य किंचित मिसळून, टेफ्लॉनमध्ये बसवलेल्या तीन छोट्या चकत्या असतात. किरणांची ऊर्जा या क्षारात अडकून राहते. तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत चकत्या सुमारे २८५ अंशांपर्यंत तापवल्या की ती ऊर्जा प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते. जितका प्रकाश, तितकी मात्रा.

तीन चकत्या कशाला? कारण हा क्षार कमी ऊर्जेच्या एक्स-रेला सुमारे दहापट जास्त प्रतिसाद देतो. सरळ वाचलं तर आकडा फुगलेला येईल. म्हणून एका चकतीवर धातूची झाकण, दुसरीवर प्लास्टिकची आणि तिसरी उघडी ठेवतात. तिन्हींच्या प्रकाशाची तुलना केली की किरण कोणत्या ऊर्जेचे होते हे कळतं आणि खरी मात्रा काढता येते.

बॅज कुठे चुकतो?

आपल्या नियमांनुसार या कर्मचाऱ्याची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आहे, आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त चालत नाही. हे नियम अणुऊर्जा नियामक मंडळ पाहतं. ते १९८३ मध्ये स्थापन झालं.

एखाद्या तिमाहीत आकडा अचानक वाढला, तर चौकशी होते. पहिला प्रश्न असतो : मात्रा माणसाला मिळाली की फक्त बॅजला? एप्रन यंत्राच्या खोलीत टांगला आणि बॅज त्यालाच अडकून राहिला, तर तो दिवसभर किरण खात बसतो. मग त्या तिमाहीत कोण कुठे काम करत होतं, काय बदललं, सोबतच्या सहकाऱ्यांचे आकडे काय आहेत, हे तपासतात.

उलटी चूक अधिक धोक्याची. बॅज टेबलाच्या खणात राहिला तर अहवाल शून्याजवळ येतो आणि सगळे निश्चिंत होतात. म्हणून सी-आर्मवर रोज काम करणाऱ्याचा आकडा वर्षभर शून्य असेल, तर त्याकडेही संशयाने पाहायला हवं.

शिवाय बॅज एप्रनच्या आत, छातीवर लावतात. तो धडाची मात्रा सांगतो. शस्त्रक्रियेत किरणांजवळ जाणारे हात आणि उघडे डोळे यांच्याबद्दल तो काही सांगत नाही. त्यांच्यासाठी वेगळं मोजमाप लागतं. आणि तो ढालही नाही : एकही किरण अडवत नाही, जे घडलं ते तीन महिन्यांनी सांगतो.

तुमच्यासाठी

लहान मुलाला धरायला तंत्रज्ञाने तुम्हाला सांगितलं, तर तो काम टाळतो आहे असं समजू नका. रोज प्रत्येक मूल त्यानेच धरलं, तर बेरीज त्याच्या वाट्याला येईल. तुमच्यासाठी ती एकच वेळ असते. मात्र एप्रन मागून घ्या, थेट किरणांच्या वाटेत हात येऊ देऊ नका, आणि गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर आधी सांगा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी धरू द्या.

आणि सोनोग्राफी किंवा एमआरआयच्या खोलीत कर्मचाऱ्याच्या छातीवर बॅज दिसला नाही, तर घाबरू नका. तिथे क्ष-किरण वापरतच नाहीत.